छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर

शाळेच्या वर्गात टेबलावर ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या समोरून कुणी गेलं की पडद्यावर सावली पडते, वायर पायात अडकते, आणि कुणाचा धक्का लागला की चित्र वाकडं होतं. म्हणून तो छताला लावायचं ठरतं. मग मिस्त्री येतो, स्लॅबला भोकं पाडतो आणि चित्र पडद्यावर नीट बसत नाही म्हटल्यावर प्रोजेक्टरच तिरका करतो. भोकं पाडण्याआधी अर्धा तास टेप घेऊन मोजमाप केलं तर ही वेळ येत नाही.

आधी प्रोजेक्टर उलटा का टांगतात ते समजून घेऊ. टेबलावर ठेवलेला प्रोजेक्टर सरळ समोर प्रकाश फेकत नाही, वरच्या बाजूला फेकतो. चित्राची खालची कड लेन्सच्या पातळीवर किंवा थोडी वर येते, म्हणजे टेबल मध्ये येत नाही. हाच प्रोजेक्टर छताला सुलटा लावला तर चित्र छताकडे जाईल. तो उलटा टांगला की प्रकाश आपोआप खाली येतो, फक्त चित्र डोक्यावर उभं राहतं. ते सुलटं करण्यासाठी जवळपास प्रत्येक प्रोजेक्टरच्या मेन्यूत सोय असते. कंपनीप्रमाणे तिची नावं बदलतात, पण बहुतेक ठिकाणी चार पर्याय सापडतात: Front, Rear, Front Ceiling आणि Rear Ceiling. आपल्याला हवा तो Front Ceiling. चुकून Rear Ceiling निवडला तर चित्र सुलटं दिसेल, पण अक्षरं आरशातल्यासारखी होतील. Rear हे पर्याय प्रोजेक्टर पडद्यामागे असतो तेव्हासाठी आहेत.

हा पर्याय प्रोजेक्टर टेबलावर असतानाच निवडावा. टांगल्यानंतर मेन्यूही उलटाच दिसतो आणि शिडीवर उभं राहून तो वाचणं त्रासाचं असतं. काही जण लॅपटॉपच्या सेटिंगमधून चित्र फिरवतात. तसं करू नये, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शिक्षकांचा लॅपटॉप जोडला की सगळं पुन्हा उलटं. आणि कधी प्रोजेक्टर रीसेट केला तर हा पर्याय बहुधा पुसला जातो. त्या वेळी चित्र उलटं दिसलं तर यंत्र बिघडलेलं नसतं.

आता जागा. दहा फूट उंच स्लॅबचा वर्ग आणि १०० इंची वाइडस्क्रीन पडदा घेऊ. हा पडदा साधारण २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२४ सेंटीमीटर उंच भरतो. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो दिलेला असतो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावरून तो चित्र फेकतो ते. समजा तो १.५ ते १.६५ आहे. २२१ ला दोन्हींनी गुणलं की लेन्स पडद्यापासून साधारण ३.३ ते ३.६५ मीटरवर हवी हे कळतं. मधला ३.४५ मीटरचा बिंदू धरला की पुढे-मागे थोडं झूम करायला जागा उरते. हे अंतर लेन्सपर्यंतचं असतं, शिवाय पडद्याच्या मध्यरेषेवर लेन्स यायला हवी. अनेक प्रोजेक्टरांची लेन्स एका कडेला असते. पेटी मध्यावर लावली तर चित्र सरकतं.

उंचीचा हिशेब मात्र पंख्यामुळे अडतो. आपल्या वर्गांत पंखे अपरिहार्य. समजा पडद्यापासून पावणेदोन मीटरवर, बरोबर मध्यरेषेत एक पंखा आहे आणि त्याची पाती स्लॅबच्या ४० सेंटीमीटर खाली, म्हणजे जमिनीपासून २६५ सेंटीमीटरवर फिरतात. लेन्स स्लॅबपासून १५ सेंटीमीटरवर ठेवली तर ती २९० सेंटीमीटरवर येईल. आपला प्रोजेक्टर चित्राची वरची कड लेन्सच्या साधारण १९ सेंटीमीटर खाली टाकतो असं धरू. वरची कड २७१ वर, पंख्यापाशी प्रकाशझोताची वरची बाजू २८० च्या आसपास आणि खालची २१८ वर. पाती झोतात फिरतात आणि पडद्यावर सतत फडफडती सावली पडते. लेन्स ४५ सेंटीमीटर खाली आणली तर ती २६० वर येते आणि पंख्यापाशी झोताची वरची बाजू २५० वर. आता झोत पात्यांखालून सुटतो. चित्राची खालची कड ११७ सेंटीमीटरवर येते. मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्याच्या डोक्यावरून शेवटची ओळ दिसायला हे जेमतेम पुरतं, म्हणून याहून खाली येऊ नये. पंखा सरकवणं शक्य असेल तर ते जास्त चांगलं.

जागा चुकली की लोक कीस्टोनचा आधार घेतात. त्याने तिरकं चित्र चौकोनी होतं, पण त्यासाठी प्रोजेक्टर चित्राचा काही भाग आक्रसून दाखवतो आणि बारीक अक्षरं धूसर होतात. लेव्हल लावून प्रोजेक्टर सपाट बसवावा आणि कीस्टोन शून्यावर ठेवावा. कंस खुद्द स्लॅबला अँकर फास्टनरने धरायचा. पीओपीच्या खोट्या छतावर हा भार टाकायचा नाही. स्लॅबमधून विजेचे पाइप गेलेले असू शकतात, म्हणून भोक पाडण्याआधी इलेक्ट्रिशियनला विचारावं. यंत्राच्या तळाशी लागणारे स्क्रू लांबीला बरोबर हवेत. लांब स्क्रू आतल्या सर्किटला इजा करतो.

४५ सेंटीमीटरच्या त्या दांड्याचा आणखी एक फायदा आहे. गरम हवा छताला जाऊन साचते, आणि स्लॅब वरच्या मजल्याचा असेल तर तो एप्रिलच्या दुपारी स्वतःच तापलेला असतो. बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. खोलीत ३८ असेल तर छताखाली त्याहून जास्त असणार. तुळयांच्या मधल्या खणात प्रोजेक्टर घुसवला तर तो स्वतः सोडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढतो. हवा घेण्याची आणि सोडण्याची जाळी कुठे आहे ते आधी बघा आणि दोन्ही बाजूंना किमान ३० सेंटीमीटर मोकळं ठेवा. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढं. खात्री करायला एक उदबत्ती पुरते. प्रोजेक्टर चालू करून धूर सोडण्याच्या जाळीपाशी धरा. तो बाहेर ढकलला जाऊन वळसा घेत घेण्याच्या जाळीकडे परत येत असेल तर जागा बरोबर नाही. तापलेला प्रोजेक्टर आधी पंखा जोरात करतो, मग तापमानाचा दिवा पेटवतो, आणि शेवटी स्वतःहून बंद होतो. तसं झालं तर आधी फिल्टरवरची धूळ बघायची. छतावरचा फिल्टर कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून तो काढता येईल इतकी जागा बाजूला ठेवा.

वायरींचा मार्ग पंखा आणि झोत ठरल्यावरच आखता येतो. प्रोजेक्टरपासून पडद्याच्या भिंतीपर्यंत ३.४५ मीटर, भिंतीवर बाजूला अडीच, टेबलापर्यंत खाली दोन आणि दोन्हीकडे सैल सोडायला एक, असे नऊ मीटर झाले. फुल एचडी चित्रासाठी चांगली दहा मीटर एचडीएमआय वायर चालते. फोर-के हवं असेल तर एवढ्या लांबीला साधी तांब्याची वायर भरवशाची नसते. ऑप्टिकल वायर घ्यावी, आणि तिची टोकं ओळखून लावावीत, कारण ती एकाच दिशेने चालते. वायर कमी पडली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र क्षणभर जाऊन येतं. पाइपात घालण्याआधी वायर जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा. एचडीएमआयचं टोक रुंद असतं, म्हणून पाइप जाड हवा, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळण हवं, आणि आत एक नायलॉनची दोरी कायम ठेवावी. वायर बदलायची वेळ आली की तिनेच ती ओढता येईल. विजेची वायर वेगळ्या पाइपातून न्यावी. प्रोजेक्टरपाशी वायरीचा एक वेटोळा सैल ठेवून तो कंसाला बांधावा, म्हणजे तिचा भार सॉकेटवर येत नाही.

आणि प्रोजेक्टरचा पॉइंट दाराजवळच्या दिव्यांच्या बटणावर देऊ नका. वर्ग सुटला की कुणीतरी सगळी बटणं एकदम बंद करतं, तेव्हा दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा गरम दिवा थंड करायच्या आधीच थांबतो.