इसबगोल आणि सेकंड शिफ्ट

भक्ती-शक्ती चौकातून चाकणकडे निघणाऱ्या कंपनी बसमध्ये पोटाच्या तक्रारी नेहमीच निघतात. आठवड्याला शिफ्ट बदलते, झोप आणि जेवण पुढेमागे होतं, लाइन सोडून उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. मग सकाळी पोट साफ होत नाही. उपाय म्हणून कुणीतरी इसबगोल सुचवतं आणि घरी जाताना मेडिकलमधून पाकीट घेतलं जातं. पण ते कशासोबत आणि कधी घ्यायचं, हे फारसं कुणी विचारत नाही.

इसबगोलाचं पीक प्रामुख्याने गुजरात आणि राजस्थानचं. उत्तर गुजरातेतलं उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. गिरणीत बियांवरची पातळ साल वेगळी काढतात आणि तोच आपला भुसा. वजनाने तो बीच्या साधारण पाव भाग भरतो. या सालीत पाणी धरून ठेवणारा चिकट तंतू असतो. पोटात तो पचत नाही आणि आतड्यातले जिवाणूही त्याचा फारसा फडशा पाडत नाहीत. त्यामुळे त्याने धरलेलं पाणी मोठ्या आतड्यापर्यंत टिकतं आणि मळ मऊ राहतो. म्हणजे खरं काम पाण्याचं, भुसा फक्त ते वाहून नेतो.

हे स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहता येतं. दोन पेले घ्यावेत. एकात काठोकाठ, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात जेमतेम दोन घोट. दोन्हींत एकेक चमचा भुसा ढवळावा. पहिल्यात पापुद्रे आधी वर तरंगतात, मग पाणी गढूळ होतं आणि हळूहळू दाट होत जातं. तरी पेला कलता केला की सगळं खाली ओघळतं. दुसऱ्यात थोड्याच वेळात खळीसारखा गोळा बसतो आणि पेला तिरका केला तरी तो जागचा हलत नाही.

हाच गोळा घशात किंवा अन्ननलिकेत फुगला तर अडकतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं म्हणूनच धोक्याचं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ साली दाणेदार स्वरूपातल्या इसबगोलाच्या रेचकांना विनाचिठ्ठी विक्रीतून वगळलं, ते अन्ननलिका अडल्याच्या घटनांमुळेच. भुसा घेतल्यावर छातीत दुखलं, गिळता येईना, उलटी होऊ लागली किंवा श्वास अडला, तर तडक रुग्णालय गाठावं.

रात्री झोपताना घेण्याची आपल्याकडची सवयही बदलायला हवी. घेऊन लगेच आडवं होऊ नये, आणि नंतरही पाणी पीत राहता येईल अशी वेळ निवडावी.

आता गोळ्यांचं. दाट जेलमध्ये औषध गुंतलं की ते रक्तात उशिरा किंवा कमी पोचतं. थायरॉइडची गोळी, डिगॉक्सिन, लिथियम, कार्बामाझेपिन यांच्या बाबतीत हा फरक महागात पडू शकतो. सर्वसाधारण नियम असा, की इतर औषधं आणि भुसा यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइडच्या गोळीसाठी चार तास ठेवलेले बरे.

समजा, निगडीतल्या एका कामगाराला थायरॉइड आणि मधुमेह दोन्ही आहेत आणि त्याची सेकंड शिफ्ट चालू आहे. आठला उठून तो उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतो. नऊला नाश्ता आणि त्यासोबत मधुमेहाची गोळी. भुसा बाराला, भरलेल्या पेल्यातून, ढवळून लगेच, आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. एकला जेवण, सव्वादोनला बस. मधुमेहाची दुसरी गोळी कॅन्टीनच्या रात्रीच्या जेवणासोबत. कुठेही टक्कर होत नाही. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट लागली की बाराची वेळ जमणार नाही, पण अंतरं तीच ठेवून भुसा संध्याकाळी घरी आल्यावर घेता येतो. घड्याळातली वेळ बदलू द्यावी, अंतर बदलू देऊ नये. भुशाने जेवणानंतरची साखर थोडी उतरते, तेव्हा मधुमेहाच्या रुग्णाने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावं.

गुण यायला १२ ते ७२ तास लागतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून चमचे वाढवू नयेत. सुरुवात कमी मात्रेने केली तर पोटफुगीही कमी होते.

गिळायला त्रास होणाऱ्यांनी, आतडं अरुंद झालेल्यांनी आणि मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून पिणाऱ्यांनी भुसा स्वतःच्या मनाने घेऊ नये. शौचातून रक्त जात असेल, पोटात जोराची कळ येत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर पाकीट बाजूला ठेवून मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम किंवा जवळचा डॉक्टर गाठावा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत आणि इसबगोलाचं पाकीटही त्यांतच ठेवावं.