ट्यूबवरचा आकडा आणि शेजारचं वर्तुळ

मेच्या सुट्टीत कोल्हापूरहून मालवण-तारकर्लीला निघणारी माणसं आमच्या औषधाच्या दुकानात सनस्क्रीन मागायला येतात. हल्ली मात्र आधी व्हॉट्सॲपवर फोटो येतो, कारण ट्यूब घरात असतेच. एका ताईंनी पाठवलेल्या फोटोत 200 मिलिलिटरची जर्मन ट्यूब होती. स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या भाच्याने आणलेली. खाली विचारलं होतं, ‘‘काका, यावरचं काही वाचता येत नाही. मुलांना लावलं तर चालेल ना?’’

अशी ट्यूब वाचायला जर्मन यावं लागत नाही. दोन खुणा शोधायच्या. पहिली म्हणजे मोठा आकडा. ताईंच्या ट्यूबवर ‘एलएसएफ 30’ होतं. आपल्याकडे ज्याला एसपीएफ म्हणतात, त्याचीच ही जर्मन आद्याक्षरं. खाली ‘होख’, म्हणजे ‘उच्च’, असा शब्द होता. युरोपात 30 आणि 50 या दोन्ही आकड्यांना हीच श्रेणी मिळते. 15 ते 25 मध्यम आणि 50 अधिक अति उच्च. ट्यूब उन्हाळी रंगाची असूनही तिच्यावर हा आकडाच नसेल, तर बहुधा ते उन्हातून आल्यावर लावायचं लोशन असतं. त्याने त्वचेला गारवा मिळतो, पण ऊन अडत नाही.

आता या 30चा अर्थ. प्रयोगशाळेत माणसाच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावतात आणि दिव्याचे अतिनील किरण सोडतात. उघड्या त्वचेला लाली यायला जेवढे किरण लागतात, त्याच्या तीसपट किरण क्रीम लावलेल्या भागावर पडल्यावर तिथे लाली आली, तर तो एसपीएफ 30. म्हणजे लाली आणणाऱ्या किरणांपैकी सुमारे तिसावा भाग त्वचेपर्यंत पोचतो आणि 50 असेल तर पन्नासावा. पोचणारे किरण टक्क्यांत मांडले तर सव्वातीन आणि दोन. 15 वरून 30 वर गेलं की ते निम्मे होतात, 30 वरून 50 वर तेवढा मोठा फरक पडत नाही.

‘‘मला दहा मिनिटांत चटका बसतो, मग याने तीनशे मिनिटं निर्धास्त,’’ असा हिशेब बरेच जण सांगतात. तो चुकीचा आहे. आकडा किरणांच्या मात्रेचा आहे, घड्याळाचा नाही. सकाळी आठच्या तासाभरात अंगावर जेवढे किरण पडतात, त्याच्या कितीतरी पट दुपारी बाराच्या तासाभरात पडतात. तारकर्ली साधारण 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत असं समजायचं. तिथे त्या दिवसांत दुपारी सावली पायाखालीच गोळा होते.

पण हा आकडा गोष्ट अर्धीच सांगतो. लाली आणतात ते मुख्यतः यूव्हीबी किरण, आणि एसपीएफ त्यांचंच माप आहे. यूव्हीए किरण त्वचेत त्याहून खोल जातात. त्यांनी लगेच भाजल्यासारखं होत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळवंडणं, वांगाचे डाग गडद होणं, पुढे सुरकुत्या, यांत त्यांचा मोठा हात असतो. गाडीच्या बंद काचेतून यूव्हीबी जवळजवळ अडतात, पण बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए बरेचसे आत येतात. त्यामुळे घाट उतरताना खिडकीकडच्या हातावरही क्रीम लागतं.

म्हणून दुसरी खूण शोधायची: आकड्याजवळ किंवा मागच्या बाजूला छोटं वर्तुळ आणि त्यात यूव्हीए ही तीन अक्षरं. ताईंच्या पहिल्या फोटोत ते दिसत नव्हतं, म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागवला. तिथे ते होतं. युरोपीय आयोगाने 2006 साली केलेल्या शिफारशीनुसार यूव्हीएपासूनचं संरक्षण छापलेल्या आकड्याच्या किमान एक तृतीयांश असायला हवं, आणि वर्तुळ ते पाळल्याचं सांगतं. ट्यूब 30ची, म्हणजे यूव्हीएचा आकडा किमान 10. आपल्याकडच्या ट्यूबवर ‘पीए’च्या पुढे अधिकची चिन्हं असतात. ती मूळ जपानी पद्धत. तिच्यात 8 ते 16 ला तीन चिन्हं आणि 16 च्या पुढे चार. दोन्हीकडच्या चाचण्या तंतोतंत सारख्या नाहीत, तरी ताईंची ट्यूब अंदाजाने तीन चिन्हांच्या रांगेत बसते. अमेरिकेतून आलेल्या ट्यूबवर यांपैकी काहीच नसेल. तिथे ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहायचे. त्यांचा अर्थ क्रीम यूव्हीए पट्ट्यातही दूरवर काम करतं, मात्र किती जोरात ते त्या शब्दांतून कळत नाही.

त्यामुळे ताईंना कळवलं की ट्यूब चांगली आहे, मुलांना चालेल. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर क्रीमऐवजी सावली आणि अंगभर सुती कपडे असंच सांगितलं असतं. त्यांची मुलं आठ आणि अकरा वर्षांची.

माझी खरी काळजी होती ती ट्यूब पुरण्याची. चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅमचा थर मोठ्या माणसाच्या सर्वांगाला द्यायचा तर सुमारे 36 ग्रॅम क्रीम लागतं. चमच्यांत सांगायचं तर चेहरा, मान आणि कान मिळून एक चहाचा चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. अर्ध्या बाह्या आणि गुडघ्यापर्यंतची पँट असेल तर तीन चमचे, म्हणजे 15 मिलिलिटर. चार जणांचे 60. मुलांना थोडं कमी धरलं तरी सकाळी नऊला, अकराला आणि एकला लावायचं म्हटलं की दीडशेच्या वर जातं. 200 मिलिलिटरची ट्यूब चौघांना जेमतेम एक दिवस पुरते. आणि लोक तीच एक ट्यूब तीन दिवस पुरवतात, पुढच्या वर्षासाठी उरवतातसुद्धा! थर निम्मा झाला की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. अशा वेळी छापलेला 30 तुमच्या अंगावर 30 राहत नाही. दोन ट्यूब घ्या, नाहीतर मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला म्हणजे तेवढं क्रीम वाचेल, असं मी त्यांना लिहिलं.

मागच्या बाजूला ‘वासरफेस्ट’ असा शब्द होता. क्रीम पाण्यात टिकतं असा त्याचा दावा. युरोपातल्या चाचणीत वीस-वीस मिनिटं दोनदा पाण्यात बुडवल्यावर निम्मं संरक्षण उरलं तरी हा दावा करता येतो. म्हणून स्नॉर्केलिंग करून होडीत चढलं, टॉवेलने अंग पुसलं, की दोन तासांची वाट न पाहता पुन्हा लावायचं. पाण्यावर तरंगताना मान, पाठ, पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू वर असते आणि नेमकी तीच राहून जाते.

ताईंचा शेवटचा प्रश्न होता, ‘‘एक्स्पायरी कुठेच नाही?’’ न उघडता अडीच वर्षांहून जास्त टिकणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांवर युरोपात ती तारीख छापावी लागत नाही. त्याऐवजी झाकण उघडलेल्या डबीचं चित्र असतं आणि त्यात 12 एम. म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. त्यांची ट्यूब दोन महिन्यांपूर्वी उघडलेली होती, म्हणून तो महिना मार्करने तिच्यावर लिहून ठेवायला सांगितलं. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवायची नाही, हेही सांगितलं. पिळल्यावर आधी पाणी आणि मग गुठळ्या आल्या, किंवा वास बदलला, तर मुदत बाकी असली तरी टाकून द्यायची. फाटलेल्या क्रीमचा थर सारखा बसत नाही.