सत्तावन्न टक्के कोण?

पुण्यात कर्वेनगरमधल्या एका पोळी-भाजी केंद्राच्या दोन रील्सचे आकडे माझ्यासमोर आहेत. पहिली रील होळीच्या आधीची. मोठ्या तव्यावर पुरणपोळी फुगते, तिच्यावर तूप सोडलं जातं, मागे चलतीतलं गाणं. व्ह्यूज सुमारे ६१,०००. दुसरी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवसाची. तीत केंद्र चालवणाऱ्या काकू स्वतः बोलतात, “कर्वेनगरकर, उद्या सकाळी साडेसातपासून साबुदाण्याची खिचडी, उपवासाचं थालीपीठ, वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी.” व्ह्यूज सुमारे १,९००. काकूंचा मुलगा दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळतो. पहिली रील गाजली आणि दुसरी पडली, असं तो मानून बसला होता. मी परिसरातल्या काही दुकानांची अकाउंट्स बघते, म्हणून त्याने मला बोलावलं. “ताई, पुन्हा पुरणपोळीसारखंच काहीतरी करायला हवं ना?” हा त्याचा प्रश्न होता.

रीलखालच्या `View insights` वर टॅप केलं की वर `Views` चा आकडा आणि त्याच्या वर्तुळात `Followers` आणि `Non-followers` यांची टक्केवारी दिसते. खाली `Accounts reached` असतं. अकाउंट प्रोफेशनल प्रकारचं असेल तरच हे सगळं दिसतं. पहिली गल्लत इथेच होते. रील सुरू झाली की व्ह्यू मोजला जातो, त्याच माणसाने पुन्हा पाहिली की पुन्हा मोजला जातो. अकाउंट्स रीच्डमध्ये मात्र एक अकाउंट एकदाच धरलं जातं. वर्तुळातली टक्केवारी व्ह्यूजची आहे, माणसांची नाही. फॉलो करणारी एखादी मावशी कौतुकाने रील पाच वेळा बघते, तेव्हा फॉलोअर्सच्या बाजूला पाच व्ह्यूज पडतात, पोचलेलं अकाउंट एकच राहतं. अ‍ॅपची मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे टक्का वाचण्याआधी तो कोणत्या आकड्याखाली लिहिलाय ते पाहायचं, ही सवय मी सगळ्यांना लावते.

आता दोन्ही रील्स शेजारी ठेवू. पुरणपोळीची रील ४६,२०० अकाउंट्सपर्यंत पोचली आणि तिच्या व्ह्यूजपैकी ९८ टक्के फॉलो न करणाऱ्यांचे होते. खिचडीची रील पोचली १,२४० अकाउंट्सपर्यंत, तिथे हे प्रमाण ५७ टक्के. मुलाने ९८ आणि ५७ एवढंच वाचलं होतं. त्याच्या हिशोबाने नॉन-फॉलोअर म्हणजे नवं गिऱ्हाईक, म्हणून ९८ चांगले.

टक्क्याचं आधी संख्येत रूपांतर करायला हवं. ६१,००० चे दोन टक्के म्हणजे साधारण १,२२० व्ह्यूज फॉलोअर्सचे. १,९०० चे ४३ टक्के म्हणजे साधारण ८१७. दुकानाचे फॉलोअर्स तेव्हा साडेअकराशेच्या आसपास होते. म्हणजे आपल्या माणसांनी दोन्ही रील्स पाहिल्या, संख्याही एकमेकींपासून फार लांब नाहीत. ९८ आणि ५७ मधला सगळा फरक बाहेरच्या लोकांच्या लोंढ्याने पडलाय. तो लोंढा कोणाचा होता, हे टक्का सांगत नाही.

त्यासाठी `Top sources of views` बघायचं. पुरणपोळीचे बहुतेक व्ह्यूज रील्सच्या टॅबमधून आले होते. तिथे माणूस एकामागून एक काहीही सरकवत असतो, आणि तूप सोडलेली पोळी देशात कुणालाही थांबवते. खिचडीचे व्ह्यूज मुख्यतः फीडमधून आले, आणि दुकानाच्या प्रोफाइलवर जाऊन पाहणारेही लक्षात येण्याइतके होते. प्रोफाइलवर माणूस सहसा मुद्दाम जातो.

शहर शोधताना एक अडचण येते. एकेका रीलच्या आकड्यांत देश, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण मिळतं. शहरं बघायची तर अकाउंटच्या एकूण इनसाइट्समध्ये जाऊन त्या दिवसांची मुदत निवडावी लागते, आणि तिथे त्या मुदतीतल्या सगळ्या पोस्ट्स एकत्र मिसळलेल्या असतात. तरी होळीच्या आठवड्यात पुणे खाली गेलं होतं आणि वर इंदूर, नागपूर, दिल्ली आली होती, इतकं कळलं. त्या आठवड्यात कुरिअर करता का, असे फोन आले ते उगाच नाही. आषाढीच्या आठवड्यात पुणे पुन्हा पहिलं होतं. पण यापुढे अ‍ॅप थांबतं. पुणे म्हणजे हडपसरही आणि वाघोलीही. काकूंचं गिऱ्हाईक पायी येतं किंवा फार तर दुचाकीवर. डबा घ्यायला कुणी हडपसरहून येणार नाही. गल्लीच्या दुकानासाठी शहर हे एककच फार मोठं आहे, आणि त्याहून बारीक एकक अ‍ॅप देत नाही.

ते गल्ल्यावरच मिळवावं लागलं. एकादशीच्या सकाळी आम्ही एका वहीत खुणा करायचं ठरवलं. पैसे देताना प्रत्येकाला दोनच प्रश्न: आमची रील पाहिलीत का, आणि आम्हाला फॉलो करता का? काकूंना हे आधी आवडलं नाही. “अगं, लोक घाईत असतात, उपवास असतो, त्यात हे काय विचारायचं!” पण त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात विचारलं म्हणून लोकांनी सांगितलंही. खरेदी केलेल्या ८३ जणांपैकी २९ जणांनी रील पाहिली होती. त्यातले फॉलो करणारे फक्त ११. उरलेले १८ अ‍ॅपच्या भाषेत नॉन-फॉलोअर. आणि त्या अठरांपैकी १२ जणांना काकू चेहऱ्याने ओळखत होत्या. कुणी रोज चार पोळ्या नेणारे, कुणी शनिवारी भाकरी नेणारे. खरे नवे सहा.

या पोळी-भाजी केंद्रावरून मला जे सांगायचंय ते या वहीत आहे. अ‍ॅपमधली रेषा फॉलो करणारे आणि न करणारे यांच्यामध्ये आहे. दुकानाला लागणारी रेषा येणारे आणि न येणारे यांच्यामध्ये असते. दोन्ही रेषा एकमेकींवर बसत नाहीत. दहा वर्षं पोळ्या नेणारे आजोबा इन्स्टाग्रामवर असले तरी दुकानाला फॉलो करतीलच असं नाही, त्यांना दुकानाचा पत्ता पाठ आहे. उलट साडेअकराशे फॉलोअर्समध्ये मुलाचे कॉलेजचे मित्र आहेत, सासवडचे नातेवाईक आहेत, मसाले आणि डबे विकणारी इतर अकाउंट्स आहेत. शिवाय सुनेच्या फोनवर सासूने रील पाहिली तर सासूची मोजदाद कुठेच होत नाही, खिचडी न्यायला मात्र तीच येते.

मग खिचडीची रील या लोकांपर्यंत पोचली कशी? उत्तर शेअरच्या आकड्यात होतं. पुरणपोळीला ३१० शेअर आणि खिचडीला ६४. नुसतं पाहिलं तर पुरणपोळी पाचपट पुढे आहे. पोचलेल्या अकाउंट्सशी भागून पाहा: पुरणपोळीत दर हजारी सुमारे ७, खिचडीत दर हजारी सुमारे ५२. लोकांनी खिचडीची रील सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती, “उद्या इथून आणू या” असं लिहून. तिथून उघडणाऱ्याने दुकानाला फॉलो केलेलं नसेल तर तो ५७ टक्क्यांत जातो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये रील्स कुणाला दाखवायच्या हे ठरवणाऱ्या मुख्य गोष्टी सांगितल्या होत्या: रील किती वेळ पाहिली जाते, पोचलेल्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण ती पुढे पाठवतात. फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचण्यात पुढे पाठवण्याचं वजन लाइकपेक्षा थोडं जास्त, असंही ते म्हणाले. छोट्या दुकानाने शेअर भागिले रीच हा हिशोब म्हणून आधी मांडावा, असं मला वाटतं. त्याला कागद-पेन पुरतं.

दुसरा उपयोगी आकडा अकाउंटच्या एकूण इनसाइट्समध्ये प्रोफाइलच्या हालचालींखाली असतो, दुकानाच्या पत्त्यावर किती टॅप झाले तो. होळीच्या आठवड्यात ९, आषाढीच्या आठवड्यात ३१. सेहेचाळीस हजार अकाउंट्सनी पुरणपोळी पाहिली आणि नकाशा उघडला तो नऊदा. हे दोन आकडे एका ओळीत लिहिले तेव्हा मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, “म्हणजे त्यांना पोळी बघायची होती, घ्यायची नव्हती.”

पुरणपोळीच्या रीलने ४८ नवे फॉलोअर्स आणले, खिचडीच्या रीलने सहा. ते ४८ पाहून आनंद होणं साहजिक आहे, पण माझं मत वेगळं आहे. बाहेरगावचे फॉलोअर्स वाढले की पुढची “उद्या भरली वांगी” ही रील त्यांच्याही फीडमध्ये जाते आणि ते ती सरकवून पुढे जातात. त्यांचं सरकवणंही आकड्यांत जमा होतं. आणि त्यानंतर फॉलोअर्सचा टक्का वाढला काय, घटला काय, त्यात आपला परिसर किती हे कळण्याची शक्यता आणखी कमी होते.

खिचडीच्या रीलचा आलेख, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती जण टिकून होते त्याची रेषा, पहिल्या तीन सेकंदांतच कोसळलेली होती. मुलाला तेच सगळ्यात जास्त खुपत होतं. पण त्या तीन सेकंदांत काकू “कर्वेनगरकर” म्हणतात. जो तिथला नाही तो निघून जातो, आणि जायलाच हवा. त्यानंतर उरलेली रेषा शेवटापर्यंत जवळपास सपाट होती. याची किंमत मोजावी लागते, हेही खरं: सुरुवातीला लोक सुटले की इन्स्टाग्राम ती रील अनोळखी लोकांना कमी दाखवतं. पार्सलने लाडू पाठवणाऱ्या दुकानाला मी असं नाव घेऊन सुरुवात करायला सांगणार नाही. गरम खिचडी विकणाऱ्याला सांगेन.

तुलना करताना दोन पथ्यं. रील टाकल्यावर पहिल्या काही तासांत फॉलोअर्सचा टक्का बहुधा जास्त दिसतो, बाहेरचे नंतर येतात. म्हणून दोन रील्स सारख्याच वयाच्या असताना बघायच्या, आम्ही सातवा दिवस धरतो. आणि पैसे देऊन बूस्ट केलेली रील या तक्त्यात घ्यायची नाही, तिचे नॉन-फॉलोअर्स विकत घेतलेले असतात. तीन रील्सच्या रीचची बेरीज करून महिन्याचा रीच काढू नये हेही मुलाला सांगावं लागलं. तीच माणसं तिन्ही रील्समध्ये असतात, अकाउंटच्या एकूण आकड्यात ती एकदाच धरली जातात.

वहीत आता गणपतीसाठी पान आखलंय. उकडीच्या मोदकांच्या दोन रील्स होणार आहेत. एकीत फक्त कळ्या पाडणारे हात, दुसरीत काकू परिसराचं नाव घेऊन सांगतील की चतुर्थीच्या ऑर्डरी आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. प्रत्येकीसाठी रकाने तेवढेच: सातव्या दिवशीचा रीच, दर हजारी शेअर, त्या आठवड्यात पत्त्यावरचे टॅप, आणि ऑर्डर लिहिताना विचारलेले ते दोन प्रश्न. काकूंनी स्वतः एक रकाना वाढवलाय. ऑर्डर देणारा चेहरा ओळखीचा आहे की नाही, हे त्या स्वतः लिहिणार आहेत.