खोकल्यातून पडणारं रक्त फुप्फुसाच्या कुठल्या धमनीतलं?

गैरसमज: सगळ्या शरीराचं रक्त फुप्फुसातूनच जातं, मग फुप्फुसाला स्वतःसाठी वेगळा रक्तपुरवठा कशाला हवा?

शाळेच्या पुस्तकातली आकृती बहुतेकांना आठवते. हृदयाच्या उजव्या बाजूने निळं रक्त फुप्फुसात जातं आणि लाल होऊन डाव्या बाजूला परत येतं. ही पल्मोनरी धमनीची वाट. मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे हृदयाच्या उजव्या कप्प्यातून निघणारं सगळं रक्त, या वाटेने जातं. पण त्या आकृतीत एक धमनी सहसा दाखवलेली नसते. छातीतल्या महाधमनीपासून, पाठीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर, दोन-तीन बारीक फांद्या फुटतात आणि श्वासनलिकांना बिलगून फुप्फुसात शिरतात. या ब्राँकियल धमन्या. निरोगी माणसात त्यांची जाडी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि हृदयाने फेकलेल्या रक्तातला जेमतेम एक टक्का त्यांच्या वाट्याला येतो.

वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तिला लागणारा ऑक्सिजन आतल्या हवेतूनच थेट मिळतो. मोठ्या श्वासनलिकेचं तसं नाही. तिच्या भिंतीत कूर्चा आहे, स्नायू आहेत, कफ तयार करणाऱ्या ग्रंथी आहेत, आणि आत येणारी हवा ऊबदार व दमट करण्याचं काम तिच्याकडे आहे. इतकी जाड भिंत नुसत्या हवेवर जगत नाही. पल्मोनरी धमनीतलं रक्त तर शरीराने वापरून परत पाठवलेलं असतं. त्यातला बराच ऑक्सिजन आधीच खर्च झालेला असतो.

मग महाधमनीचंच रक्त सगळ्या फुप्फुसाला का देऊ नये? इथे दाब आडवा येतो. पल्मोनरी धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे 15 मिलिमीटरइतका असतो, महाधमनीतला 90 च्या घरात. वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत दाब साधारण 25 च्या वर गेला की रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून वायूंची देवाणघेवाण कमी दाबावरच व्हायला हवी, आणि नळ्यांच्या भिंतींना मात्र ताजं, जोराचं रक्त हवं. एकाच जाळ्यातून या दोन्ही गरजा भागत नाहीत.

गैरसमज: पल्मोनरी धमनीत गुठळी अडकली की फुप्फुसाचा तेवढा तुकडा मरतोच.

पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकणं जिवावर बेतू शकतं. पण ते मुख्यतः हृदयाच्या उजव्या कप्प्यावर अचानक ताण आल्यामुळे. फुप्फुसाचा भाग खरोखर मरण्याची वेळ थोड्याच रुग्णांवर येते, कारण ब्राँकियल धमन्यांचं रक्त आणि नळ्यांतली हवा त्या भागाला तगवून धरतात. ज्यांचं हृदय आधीच कमकुवत आहे, त्यांच्यात हा आधार तोकडा पडतो. मेलेला भागही पांढरा न पडता रक्ताने माखलेला दिसतो, कारण दुसऱ्या वाटेने रक्त येतच राहतं.

या दोन वाटा टोकाला एकमेकींत मिसळतात. ब्राँकियल धमन्यांनी आणलेलं बरंचसं रक्त, ऑक्सिजन वापरून झाल्यावर, फुप्फुसातून हृदयाकडे निघालेल्या ताज्या रक्तातच येऊन पडतं. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातही ऑक्सिजन पूर्ण शंभर टक्के का भरत नाही, याचं एक कारण हे आहे.

गैरसमज: ब्राँकियल धमन्यांशिवाय फुप्फुस जगूच शकत नाही.

फुप्फुसाचं प्रत्यारोपण करताना सर्जन श्वासनलिका, पल्मोनरी धमनी आणि फुप्फुसातून परत येणाऱ्या शिरा जोडतात. ब्राँकियल धमन्या सहसा जोडल्याच जात नाहीत. तरी फुप्फुस जगतं, कारण पल्मोनरी बाजूचं रक्त उलट्या दिशेने झिरपून श्वासनलिकेच्या भिंतीपर्यंत पोचतं. पण सुरुवातीचे काही आठवडे तो सांधा अर्धपोटी असतो. अमेरिकेत 1963 साली पहिलं फुप्फुस माणसात बसवलं गेलं आणि तो रुग्ण 18 दिवस जगला. पुढच्या दोन दशकांत श्वासनलिकेचा सांधा उसवणं हे अपयशाचं एक मोठं कारण राहिलं. टोरांटोत 1983 साली दीर्घकाळ टिकणारं यश आलं. आजही दात्याच्या श्वासनलिकेचं टोक शक्य तितकं आखूड कापतात, म्हणजे उलट झिरपणाऱ्या रक्ताला कमी अंतर जावं लागतं.

गैरसमज: खोकल्यातून खूप रक्त पडलं, तर ते मोठ्या पल्मोनरी धमनीतलंच असणार.

आपल्याकडे टीबी होऊन बरे झालेले लोक घरोघरी आहेत, म्हणून हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. मोठ्या रक्तस्रावाच्या दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत रक्त येतं ते त्या एक टक्का वाटा उचलणाऱ्या ब्राँकियल धमन्यांतून.

समजा, पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याचा टीबी दहा वर्षांपूर्वी औषधांचा पूर्ण कोर्स घेऊन बरा झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी आणि व्रण मात्र राहिले. त्या भागात हवा नीट खेळत नाही, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथल्या पल्मोनरी वाहिन्या आकसतात, हा त्यांचा स्वभाव. रक्ताची ती वाट बंद होते. सततच्या जंतुसंसर्गाने भिंत सुजलेली राहते, रक्त मागत राहते, आणि ब्राँकियल धमनी ते पुरवायला वर्षानुवर्षं फुगत, वेडीवाकडी होत जाते. सीटी अँजिओत ती दोन मिलिमीटरहून जाड दिसली, तर डॉक्टर सावध होतात. तिच्या पातळ भिंतीच्या नव्या फांद्यांत महाधमनीचा पूर्ण दाब असतो. एका पहाटे खोकला येतो आणि वाटीभर लालभडक रक्त पडतं.

घरच्यांना वाटतं, टीबी उलटला. तो उलटलेला असू शकतो, म्हणून थुंकीची तपासणी करायलाच हवी. पण जुनी पोकळी, रुंदावलेल्या श्वासनलिका किंवा पोकळीत वाढलेल्या बुरशीचा गोळा यांमुळेही असं होतं. टीबी नसताना नुसती टीबीची औषधं परत सुरू करून हे रक्त थांबत नाही.

अशा वेळी माणूस दगावतो तो बहुधा रक्त कमी झाल्यामुळे नव्हे, तर गुदमरून. नाकापासून बारीक श्वासनलिकांपर्यंतची सगळी पोकळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असते, ती भरायला वेळ लागत नाही. म्हणून कुठल्या बाजूने रक्त येतंय हे ठाऊक असेल, तर ती बाजू खाली करून रुग्णाला कुशीवर झोपवतात, म्हणजे चांगलं फुप्फुस कोरडं राहतं. आणि थेट रुग्णालय गाठतात.

तिथे जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत आणि तिथून फुगलेल्या ब्राँकियल धमनीत सरकवतात. मग मिलिमीटरच्या एक तृतीयांश ते अर्ध्या आकाराचे कण सोडून आतल्या फांद्या बंद करतात. धातूची गुंडाळी तोंडाशीच बसवणं सोपं वाटतं, पण त्याने पुढची वाट अडते, आणि पुन्हा रक्त आलं तर नळी आत जाऊ शकत नाही. धोका आहे तो मज्जारज्जूचा. काही माणसांत त्याला रक्त देणारी फांदी याच धमनीतून निघते आणि कण तिच्यात गेले तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून कण सोडण्याआधी रंगद्रव्य सोडून ती फांदी शोधतात. ती दिसली तर नळी तिच्या पलीकडे नेतात, आणि ते जमत नसेल तर त्या धमनीला हात लावत नाहीत.

बहुतेकांचं रक्त त्याच दिवशी थांबतं. पण पोकळी तशीच राहते, त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बऱ्याच जणांना पुन्हा त्रास होतो. कधी बरगड्यांच्या धमन्यांतून नवी वाट तयार झालेली असते. कधी ब्राँकियल धमनी बंद करूनही रक्त येतच राहतं. तेव्हा पोकळीच्या भिंतीत पल्मोनरी धमनीच फुगली आहे का, हे पाहावं लागतं. त्या फुग्याला रासमुसेनचा फुगवटा म्हणतात, आणि त्यासाठी नळी हृदयाच्या उजव्या बाजूने न्यावी लागते.