वऱ्हाडाच्या बसमधला डबा

पुण्याहून सकाळी नऊला निघालेलं पन्नास जणांचं वऱ्हाड एक वाजता वाटेत जेवणार. अशा वेळी डबा बिघडतो तो बहुतेकदा वाफेमुळे. घाईत गरम पुऱ्या भरून झाकण लावलं, की वाफेचं पाणी होऊन पुऱ्या लिबलिबीत होतात आणि आतल्या उबेत जंतू वाढतात. झाकणाच्या आत थेंब दिसले, तर डबा गरमच भरला असं समजा.

म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या पहाटे तळून, पसरून निववायच्या आणि कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायच्या. सोबत बटाट्याची कोरडी भाजी, लोणचं, गूळपोळी. ओल्या नारळाची चटणी आणि दहीभात नकोच. मे महिन्यात तर मुळीच नको. भाजी उशिरा, सातनंतर करावी. शिजवल्यापासून खाईपर्यंत जितका कमी वेळ मध्ये जाईल तितकं बरं, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी.

चिठ्ठी खोक्याच्या बाजूला चिकटवावी. थप्पी लागल्यावर वरची दिसत नाही. तीवर भरल्याची वेळ, ‘दोनच्या आत खा’ आणि जैन डब्यांवर तसा ठळक उल्लेख. त्यांत बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी. डबे साडेआठला बसपाशी हवेत. फार आधी आले, तर डिकीत तापत बसतात.