गाडीवरचं CL कुठलं?

परदेशी गाडीच्या मागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरांत CL दिसलं, तर गाडी कुठली? मोबाईलवर शोधलं की .cl हा पत्ता चिलीचा निघतो आणि आपण ‘चिली’ म्हणून मोकळे होतो. गाडी असते श्रीलंकेची! चिलीच्या गाडीवर RCH असतं; त्यातला R प्रजासत्ताकाचा.

या दोन याद्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामासाठी झाल्या. लंबगोलाची प्रथा १९०९च्या पॅरिस करारापासूनची. सरहद्द ओलांडून आलेली गाडी कुठल्या देशात नोंदलेली आहे, हे पोलिसाला लांबून कळावं एवढाच तिचा हेतू. म्हणून अक्षरं एक ते तीन आणि किमान ८ सेंटिमीटर उंच. ती देशच ठरवतो आणि संयुक्त राष्ट्रांना कळवतो. बदल कळवला नाही, तर जुनंच चालू राहतं. CL हे सिलोनचं. १९७२मध्ये देशाचं नाव श्रीलंका झालं, पण गाडीच्या मागे सिलोन राहिलं ते राहिलंच.

आयएसओ ३१६६ ही प्रमाण यादी आली १९७४मध्ये. तिथे प्रत्येक देशाला नेमकी दोन अक्षरं मिळतात, शिवाय तीन अक्षरांचा वेगळा संक्षेपही असतो. SL सिएरा लिओनकडे आहे. श्रीलंका झाली LK आणि LKA. पुढे इंटरनेटने देशांचे पत्ते याच दोन अक्षरांवर बेतले, म्हणून .lk.

एकच अक्षर दिसलं, तर शंकाच नको, ते गाडीचं. जर्मनीचं D घ्या; तिचा पत्ता .de आणि तीन अक्षरी संक्षेप DEU. तीन अक्षरांवर मात्र विसंबू नये. भारताचं IND दोन्हीकडे तेच आहे, ऑस्ट्रेलियाचं AUSही. पण कॅनडाची गाडी CDN आणि यादीतला कॅनडा CAN. खरा घोळ दोन अक्षरांचा. गाडीवर ES असेल तर ती एल साल्वादोरची; .es मात्र स्पेनचा, आणि स्पेनच्या गाडीवर नुसतं E.

ब्रिटनने तर कमालच केली. गाडीवर GB, यादीत GB, पण पत्ता .uk, असं वर्षानुवर्षं चाललं. २८ सप्टेंबर २०२१पासून गाडीवरही UK आलं आणि परदेशात जाणाऱ्या ब्रिटिशांना जुने GBचे स्टिकर काढावे लागले. यादीत अजूनही GBच आहे.

आपल्या नंबरप्लेटवरचं MH किंवा GA या भानगडीत येत नाही, कारण ती राज्यांची अक्षरं. देशाची खूण म्हणजे नव्या प्लेटवर डावीकडे निळ्या रंगात बारीक छापलेलं IND. इंटरनेटवर .mh पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांचा आणि .ga आफ्रिकेतल्या गॅबनचा. गॅबनच्या गाडीवर मात्र नुसतं G.