पेढीच्या ई-मेलखालची सही

जुन्या पेढीच्या पत्रावर माथ्याशी पेढीचे नाव, पत्ता आणि तारेचा पत्ता छापलेला असे. पत्र कोणाकडून आले हे मजकूर वाचण्यापूर्वीच कळे. आज बीडच्या मोंढ्यातील व्यवहारही मोठ्या प्रमाणात ई-मेलवर आले आहेत. दरपत्रक, नमुन्याचा अहवाल, मालाच्या पाठवणीची खबर, उधारीची आठवण, सारे त्याच मार्गाने जाते. मात्र पत्राच्या माथ्याचे काम करणारी ई-मेलखालची सही बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली दिसते. एकाच कंपनीतील चौघे चार तऱ्हेने सही करतात आणि दूरच्या गिरणीला त्यांतील खरा कोण हे ओळखता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, कापसाच्या गाठी विकणारी एक लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बीडमध्ये आहे. संचालक, हिशेबनीस, विक्री पाहणारा आणि पाठवणी पाहणारा असे चौघे ई-मेल लिहितात आणि ग्राहक कोइमतूरच्या सूतगिरण्या आहेत. या चौघांसाठी एकच साचा करावयाचा आहे. त्यात नाव, हुद्दा आणि मोबाइल क्रमांक एवढेच माणसागणिक बदलेल, बाकी सर्व कायम राहील.

कायम भागात काय असावे, याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यातच सापडते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 नुसार कंपनीच्या व्यावसायिक पत्रांवर व बिलांवर तिचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि असल्यास ई-मेल व संकेतस्थळ छापणे बंधनकारक आहे. चूक चालू राहील तितके दिवस दररोज 1,000 रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. कलमाची भाषा छापील पत्राची आहे. तथापि दरपत्रक आणि करारच ई-मेलने जात असतील, तर तीच शिस्त सहीला लावणे शहाणपणाचे. कंपनी ओळख क्रमांक 21 अक्षरांचा असतो: एक अक्षर, पाच अंकी उद्योगसंकेत, राज्याची दोन अक्षरे, नोंदणीचे वर्ष, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे आणि सहा अंक. तो हाताने टंकित न करता नोंदणी प्रमाणपत्रावरून उतरवून घ्यावा आणि अक्षरे मोजून पाहावीत. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीला हा क्रमांक नसतो. तिने जीएसटी क्रमांक द्यावा. तो 15 अक्षरांचा असून महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो.

यानुसार सही सहा ओळींत बसते: व्यक्तीचे नाव व हुद्दा, मोबाइल, कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता पिनकोडसह, कंपनी ओळख क्रमांक, आणि शेवटी दूरध्वनी, ई-मेल व संकेतस्थळ. बँक खात्याचा क्रमांक येथे देऊ नये. व्यापाऱ्यांची फसवणूक करणारे एखाद्या ई-मेल खात्यात शिरतात, जुना पत्रव्यवहार वाचतात आणि तीच सही लावून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे ग्राहकास कळवतात. हुबेहूब सही उतरवणे त्यांना अवघड नसते. म्हणून सहीत खाते देण्याऐवजी एक ओळ द्यावी: ‘आमच्या बँक खात्यातील बदल केवळ ई-मेलने कळवला जात नाही, पूर्वीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.’ ‘पूर्वीच्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण बनावट सहीतला फोन क्रमांकही बनावटच असतो.

आता रचना. सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण सहीचे एकच चित्र करून चिकटवणे. चित्रातील क्रमांक बोटाने दाबून फोन लागत नाही, पत्ता उतरवून घेता येत नाही आणि शोधातही सापडत नाही. अनेक कार्यालयांतील आउटलुक बाहेरून येणारी चित्रे आपोआप उघडत नाही. अशा ठिकाणी चित्राची सही म्हणजे रिकामा चौकोन. म्हणून सही अक्षरांची असावी, आणि चित्र फक्त तिच्याखालच्या छोट्या पट्टीपुरते.

पट्टीचा आकार 600 बाय 120 पिक्सेल पुरेसा आहे. मोबाइलच्या बारीक पडद्यावर ती धूसर दिसू नये म्हणून मूळ चित्र दुप्पट, म्हणजे 1200 बाय 240 करावे, पण दाखवताना रुंदी 600 च सांगावी. विंडोजवरील जुने आउटलुक वर्डच्या पद्धतीने ई-मेल मांडते आणि रुंदी स्पष्ट न सांगितल्यास चित्र पूर्ण मोठे दाखवते. म्हणून आकडा चित्राच्या ओळीतच लिहावा लागतो:

```html
<img src="https://example.com/patti.png"
 width="600" height="120"
 alt="नव्या हंगामाच्या गाठींचे नमुने उपलब्ध">
```

`alt` मधील वाक्य चित्र न उघडल्यास दिसते. त्यामुळे पट्टीचा निरोप तेथे शब्दांत हवाच. पट्टीवर एकच निरोप, दोन रंग आणि मोठे अक्षर असावे. ठळक रंग व अक्षरांच्या पट्टीला पीएनजी प्रकार योग्य. वजन 40 केबीच्या आसपास ठेवावे. मोबाइलने काढलेला 2 एमबीचा फोटो तसाच जोडला आणि कार्यालयाच्या एका खात्यातून दिवसाला 100 ई-मेल गेले, तर रोज 200 एमबी जागा जाते आणि जीमेलची मोफत 15 जीबी जागा सुमारे 75 दिवसांत भरते. 40 केबीच्या पट्टीला दिवसाला फक्त 4 एमबी लागतात.

काळ्या अक्षरांचे पारदर्शक बोधचिन्ह ही दुसरी नेहमीची अडचण. ग्राहकाच्या फोनवर डार्क मोड असेल, तर काळ्या पार्श्वभूमीवर ते दिसेनासे होते. बोधचिन्हामागे पांढरी पट्टी ठेवली की प्रश्न मिटतो.

उत्तरादाखल जाणाऱ्या ई-मेलला पूर्ण सही नको. दहा उत्तरांच्या साखळीत दहा पट्ट्या येतात आणि भाव शोधावा लागतो. जीमेलमध्ये See all settings खाली Signature या भागात नव्या ई-मेलसाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी सही निवडता येते. उत्तरासाठी नाव, मोबाइल, कंपनीचे नाव आणि ओळख क्रमांक एवढे पुरे.

पट्टीला मुदत असते. संवत्सरीला कार्यालय बंद असल्याची सूचना पुढच्या महिन्यातही जात राहिली, तर ग्राहक पट्टी वाचणेच सोडून देतात. म्हणून ती लावतानाच काढण्याची तारीख हिशेबनिसाच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

साचा चौघांना देण्यापूर्वी चार तपासण्या कराव्यात: जीमेलवर मोबाइलमध्ये, डार्क मोडमध्ये, विंडोजच्या आउटलुकमध्ये चित्रे बंद ठेवून, आणि तीन वेळा उलटसुलट उत्तरे देऊन. मोबाइल क्रमांक दाबल्यावर फोन लागतो का, चित्राविना सर्व माहिती वाचता येते का, आणि तिसऱ्या उत्तरातही नवा मजकूर चटकन सापडतो का, हे पाहावे. त्यानंतर साच्याची मूळ प्रत एकाच व्यक्तीकडे ठेवावी आणि बदल तिनेच करावा. पत्ता बदलला आणि चौघांपैकी एकाच्या सहीत जुनाच राहिला, तर ग्राहकास पुन्हा शंका येते की खरी कंपनी कोणती.